रूपवाद, संरचनावाद, उत्तर-संरचनावाद: परीक्षेत कवितेचं विश्लेषण करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए. मराठी आणि सेट-नेटची तयारी करणाऱ्यांकडून दर वर्षी साधारण हेच प्रश्न येतात. सगळी उत्तरं एकाच कवितेवर दिली आहेत, बालकवींच्या 'औदुंबर'वर. आठ ओळींची कविता आहे आणि बहुतेकांना शाळेपासून पाठ आहे. तरी वाचताना ती समोर ठेवा, कारण खाली शब्द मोजले आहेत. छापील आवृत्त्यांत अनुस्वार कमी-जास्त दिसतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातली प्रत प्रमाण धरावी.

1. परीक्षा परवा आहे. तिन्हींतला फरक थोडक्यात सांगता का?

उत्तर लिहिणारा अर्थ कुठे शोधतो आहे, ते बघा. रूपवादी तो कवितेच्या आत शोधतो. शब्द, नाद, लय, प्रतिमा कशा रचल्या आहेत आणि त्या रचनेनं काय साधलं, एवढंच तो विचारतो. संरचनावादी कवितेच्या मागे असलेल्या व्यवस्थेकडे जातो. भाषेत आणि संस्कृतीत फरकांची जी जाळी आधीच विणलेली असते, तिच्या बळावर ही कविता अर्थपूर्ण होते, असं त्याचं म्हणणं. उत्तर-संरचनावादी ती जाळी मान्य करतो, पण ती कुठेच पूर्ण बंद होत नाही, असं दाखवतो. कविता ज्या फरकावर उभी आहे तोच फरक तिच्याच शब्दांत कुठे ढासळतो, ती जागा तो शोधतो.

घाईत एवढं पुरेल. पण परीक्षेत गुण व्याख्येला कमी आणि व्याख्या कवितेवर चालवून दाखवण्याला जास्त मिळतात. म्हणून पुढचे तीन प्रश्न वाचाच.

2. रूपवादी विश्लेषण म्हणजे वृत्त, यमक, अलंकार ओळखणंच ना?

नाही. ती यादी झाली, आणि ती आपल्याकडची जुनी सवय आहे. 'पाय टाकुनी जळांत बसला' इथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे, असं लिहून पुढच्या ओळीवर गेलात तर रूपवादाचं दार तुम्ही उघडलेलंच नाही. त्या अलंकारानं काय केलं, हा रूपवाद्याचा प्रश्न असतो.

व्हिक्टर श्क्लोव्हस्कीनं 1917 मध्ये मांडलेली कल्पना इथे कामाची आहे. रोजच्या वापरानं वस्तू आपल्याला दिसेनाशा होतात; कला त्यांना पुन्हा अनोळखी करते, म्हणून त्या नव्यानं दिसतात. मराठीत याला अपरिचितीकरण म्हणतात. आता 'गोड काळिमा' बघा. मराठीत काळिमा फासला जातो, कुळाला काळिमा लागतो. हा शब्द रोजच्या भाषेत बदनामीच्या घरचा. बालकवी त्याला 'गोड' हे विशेषण जोडतात, तेही चवीचं. दोन्ही शब्द ओळखीचे, जोडी अनोळखी. वाचक क्षणभर अडतो आणि पाण्यावरची सावली खरोखर बघतो. उत्तरात हे अडणं दाखवायचं असतं.

नादाचंही तसंच. आठ ओळींत 'ळ' नऊ वेळा येतो: हिरवाळी, निळा, सांवळा, मळ्यांची, काळ्या, झांकळुनी, जळ, काळिमा, जळांत. यातले तीन एकट्या सातव्या ओळीत आहेत, जिथे पाणी झाकोळतं. ओळीचा पहिला भाग सगळीकडे 16 मात्रांचा, म्हणजे चाल एकसारखी. त्या चालीवर 'ळ' मात्र शेवटाकडे दाटत जातो. क्रियापदं बघितली तर झरा 'वाहतो' इथून निघून आपण झाड 'बसला' इथे थांबतो. नाद, चाल आणि क्रियापदं तिन्ही मिळून गतीकडून स्थिरतेकडे नेतात. उत्तराचा शेवट असा करता आला, म्हणजे सुटे घटक एका परिणामाशी बांधता आले, की ते रूपवादी उत्तर झालं.

3. संरचनावादी उत्तरात मी काळा-पांढरा, स्थिर-गतिमान अशा जोड्या काढल्या, तरी गुण कापले. का?

कारण जोड्या काढून तुम्ही थांबलात. विरोध तर रूपवादीही दाखवतो. त्या जोडीला अर्थ कुठून मिळतो, हे सांगितल्यावर उत्तर संरचनावादी होतं.

सोस्यूरच्या व्याख्यानांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये निघालं. त्यातला मुद्दा असा की चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. दुसऱ्या चिन्हांपासूनच्या वेगळेपणातून तो मिळतो. शब्द दोन प्रकारे एकमेकांशी जोडलेले असतात. ओळीत शेजारी येऊन बसलेल्या शब्दांचा संबंध हा जुळणीचा अक्ष. त्या जागी येऊ शकले असते पण आले नाहीत, त्यांच्याशी असलेला संबंध हा निवडीचा अक्ष.

शेवटचा शब्द घ्या. तिथे वड येऊ शकला असता, पिंपळ येऊ शकला असता. सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे त्याच झाडाचं घरगुती नाव, उंबर. झाड तेच, मग फरक काय? 'उंबर' बोलीतला, बांधावरचा, फळं खाली पडून चिखल करणारा. 'औदुंबर' संस्कृत वळणाचा, आणि मराठी कानाला दत्तस्थानाची आठवण देणारा. हा फरक कवितेत कुठेच लिहिलेला नाही. तो मराठी भाषेच्या व्यवस्थेत आहे, आणि कविता तो तिथून उचलते. हे वाक्य तुमच्या उत्तरात हवं होतं.

आता जोड्यांकडे या. तिसरी ओळ 'टेकडीकडे' संपते आणि सहावी 'डोहाकडे'. प्रत्यय तोच, दिशा उलट: वर टेकडी आणि तिच्याकडे माणसांची चार घरं, खाली डोह आणि तिथे झाड. मधली पायवाट पांढरी, डोह काळा. म्हणजे वर/खाली, वस्ती/निर्जन, पांढरा/काळा, चालणं/बसणं या जोड्या सुट्या नाहीत. एक हलली की दुसरी हलते. आपल्या संस्कृतीत यांच्या पहिल्या बाजूला सहसा वरचं मोल असतं. ही कविता ते मोल उलटं करते. पांढरी वाट 'अडवीतिडवी' आहे आणि काळेपण 'गोड' आहे. व्यवस्था कोणती आणि कवितेनं तिच्यात कोणती चाल केली, हे दोन्ही सांगितलंत की गुण कापायला जागा उरत नाही.

4. उत्तर-संरचनावादी विश्लेषण सुरू कुठून करायचं? हाताला काहीच लागत नाही.

संरचनावादी उत्तर जिथे संपलं तिथून. ते आधी मनात तयार नसेल तर हाताला खरंच काही लागणार नाही, कारण मोडायला आधी रचना हवी.

प्रश्न 3 मध्ये आपण म्हटलं की माणसांची बाजू चालण्याची आणि झाडाची बाजू बसण्याची. आता कवितेत खरोखर कोण चालतं ते शोधा. एकही माणूस नाही. 'चालली' हे क्रियापद वाटेचं आहे. 'पायवाट' या शब्दात पाय आहेत, पण ते कुणाचे हे कविता सांगत नाही. पाय स्वतंत्र शब्द म्हणून फक्त शेवटच्या ओळीत येतात, आणि ते झाडाचे आहेत. म्हणजे जी गोष्ट माणसाच्या बाजूला ठेवून आपण जोडी उभी केली, ती कवितेनं झाडाला दिली आहे. माणूस/निसर्ग ही रेघ कवितेला हवी आहे, कारण तिच्यावरच वस्तीकडून डोहाकडे जाणारा प्रवास उभा आहे. आणि त्याच कवितेचे शब्द ती रेघ पुसतात.

दुसरी जागा 'असला'. 'बसला असला औदुंबर' म्हणजे असा औदुंबर. पण कसा? वाचक खूण शोधायला मागे वळतो. मागे झाडाचं वर्णन नाही. झरा, गाव, वाट, डोह आहे. पुढे बघावं तर कविता संपली. दाखवणारं बोट आहे, आणि ते जिकडे दाखवतं तिथे दुसरी चिन्हंच आहेत. अर्थ असा एका चिन्हाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो, पूर्ण हाती येत नाही, यालाच देरिदा फरक आणि लांबणीवर टाकणं या दोन्ही अर्थांचा एक शब्द वापरतो.

तिसरी, 'झांकळुनी'. गोडवा येतो तो पाणी झाकून. खाली काय आहे ते दिसत नाही म्हणून विसावा वाटतो. मग मोल खरोखर उलटं झालं, की नुसतं झाकलं गेलं? कवितेच्या शब्दांतून दोन्ही निघतं.

परीक्षेत या तीनपैकी एकच जागा घ्या आणि ती पूर्ण खोदा. तिन्ही घेतल्या की प्रत्येकीला दोन ओळी मिळतात आणि तपासणाऱ्याला ते पाठांतर वाटतं.

5. एकापेक्षा जास्त अर्थ रूपवादातही चालतात ना? मग संदिग्धता आणि अनिर्णेयता वेगळ्या कशा?

अगदी खरा प्रश्न, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. विल्यम एम्पसननं 1930 मध्ये संदिग्धतेचे सात प्रकार सांगितले. नवसमीक्षेनं संदिग्धता, ताण, विरोधाभास हे कवितेचे गुणच मानले. पण त्यांच्या हिशेबात हे अर्थ शेवटी एकमेकांना तोलून धरतात आणि कविता समृद्ध, एकसंध होते. अनिर्णेयतेत दोन वाचनं एकमेकांना खोडतात, दोन्ही टाळता येत नाहीत आणि निवाडाही होत नाही.

काळेपणात भयही आहे आणि विसावाही, आणि दोन्ही मिळून शेवट गहिरा होतो: हे रूपवादी वाक्य. विसाव्याचा दावा ज्या झाकण्यावर उभा आहे तेच झाकणं त्या दाव्यावर शंका आणतं: हे उत्तर-संरचनावादी. तुमचं शेवटचं वाक्य मेळ घालतं की मेळ नाकारतं, ते तपासा. कित्येक पेपरांत वर 'विरचनावादी विश्लेषण' असं शीर्षक असतं आणि खाली शेवटी कविता सुखानं एकसंध होऊन बसलेली असते.

6. 'प्रत्येक वाचकाला वेगळा अर्थ लागतो' हे लिहिलं तर उत्तर-संरचनावाद होतो का?

नाही. ते वाक्य फार तर वाचक-प्रतिसाद समीक्षेच्या ओसरीवर पोचतं. उत्तर-संरचनावादात अर्थ निसटतो तो वाचकाच्या मर्जीमुळे नाही, भाषेच्या स्वभावामुळे. म्हणूनच त्यात शब्दाला चिकटून वाचावं लागतं, कदाचित रूपवादापेक्षाही जास्त. प्रश्न 4 मधलं वाचन 'पाय', 'असला', 'झांकळुनी' या शब्दांवर उभं आहे. वाचकाला काय वाटलं यावर नाही. 'काहीही अर्थ काढता येतो' हे वाक्य तर उत्तरपत्रिकेत कुठेच नको.

7. कवीचं चरित्र तिन्हींत वर्ज्य आहे. मग त्यावरून फरक कसा सांगायचा?

वर्ज्य तिन्हींत, पण कारणं वेगळी. बालकवी 1918 मध्ये, अवघ्या 28 व्या वर्षी, भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. हे माहीत असलं की काळा डोह म्हणजे मृत्यूची चाहूल, असं लिहायचा मोह होतोच.

रूपवादी म्हणेल, तो पुरावा कवितेबाहेरचा आहे. विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी 1946 मध्ये कवीच्या हेतूवरून कवितेचं मोल ठरवणं हा हेत्वाभास ठरवला, तो याच अर्थानं. संरचनावादी म्हणेल, काळा रंग आणि मृत्यू यांची सांगड ठोंबऱ्यांच्या आयुष्यातून आलेली नाही, ती संस्कृतीच्या संकेतव्यवस्थेत आधीच आहे. कवी तिचा वापर करणारा एक. उत्तर-संरचनावादी म्हणेल, 'कवीचं आयुष्य' ही अर्थ थांबवायची एक युक्ती आहे. बार्थ लेखकाच्या मृत्यूबद्दल बोलतो तो हाच: लेखक आणला की वाचनाला कुलूप लागतं. 'चरित्र अप्रस्तुत आहे' एवढंच लिहिलंत तर तुम्ही कोणत्या वादातून बोलता आहात ते कळणार नाही. कारण लिहा.

8. रोमान याकोबसनला रूपवादी लिहायचं की संरचनावादी? आणि बार्थला?

लेखन कोणतं ते बघून. याकोबसन मॉस्कोत रूपवाद्यांत होता, मग प्रागमध्ये संरचनावादाच्या घडणीत, पुढे अमेरिकेत. 1960 मध्ये छापलेल्या निबंधात तो म्हणतो की काव्यात निवडीच्या अक्षावरची समतुल्यता जुळणीच्या अक्षावर येऊन पडते. सोप्या भाषेत, जे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून आड राहायचे ते ओळीत शेजारी येऊन बसतात, जसे 'ऐल तटावर पैल तटावर'. प्रश्नातलं वाक्य या अक्षांबद्दल असेल तर संरचनावाद.

बार्थ 1966 मध्ये कथनाचं संरचनावादी व्याकरण मांडतो आणि 1970 पर्यंत बाल्झाकची एक कथा तुकडे-तुकडे करून वाचताना ते व्याकरण सोडून देतो. त्यामुळे नाव बघून पर्यायावर खूण करू नका. 'उत्तर' हा शब्दही फसवा आहे. 1966 मध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संरचनावादावरच्या परिषदेत देरिदानं त्याच्या मुळावर बोट ठेवलं. म्हणजे एक चळवळ ऐन भरात असताना दुसरी तिच्या पोटातून निघाली. तिनं संरचनावाद टाकून दिला, असं लिहिणं चूक.

9. रशियन रूपवाद आणि नवसमीक्षा एकच समजायचं का?

दीर्घोत्तरी प्रश्नात 'रूपवादी दृष्टी' विचारली असेल तर दोन्हींतली साधनं वापरता येतात; वरच्या प्रश्न 2 आणि 5 मध्ये मी तेच केलं आहे. वस्तुनिष्ठ पेपरात मात्र वेगळे ठेवा. अपरिचितीकरण, साहित्यपण हे शब्द रशियन. ताण, विरोधाभास, हेत्वाभास हे इंग्रजी-अमेरिकन. दोघांचा थेट संबंध नव्हता.

10. मर्ढेकरांना रूपवादी म्हटलं तर चालेल का?

मराठीत तसं म्हटलं जातं, आणि त्याला आधार आहे. संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीचं सेंद्रिय एकत्व घडतं, ही त्यांची मांडणी घाटावर भर देणारीच आहे. पण ते श्क्लोव्हस्कीच्या वाटेनं तिथे आलेले नाहीत. त्यांचा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा होता, भाषेच्या यंत्रणेचा नव्हता. 'औदुंबर'मधली हिरवी-पांढरी-काळी रंगसंगती विरोधलयीनं आणि समतोललयीनं मांडता येते, सुंदर मांडता येते. फक्त त्या परिच्छेदात 'अपरिचितीकरण' घुसडू नका. दोन घरांचा स्वयंपाक एका ताटात येतो आणि चव दोन्हींची जाते.

11. प्रश्नात पद्धतीचं नाव नसेल, नुसतं 'कवितेचं विश्लेषण करा' असेल तर तिन्ही वापरू का?

एक निवडा. वेळ आणि पानं असतील तर दुसरी शेवटच्या परिच्छेदात आणा, आणि उडी घेतली हे उघड सांगा: 'इथवर कवितेची एकसंधता गृहीत धरली, ती 'असला' या शब्दापाशी टिकत नाही' असं एक वाक्य पुरतं. न सांगता उडी घेतली की आधीच्या परिच्छेदातला दावा पुढच्यात कापला जातो, आणि तो तुम्हाला कळलाच नाही असं दिसतं.

कविता बघूनही निवड ठरते. नाद-प्रतिमांनी गच्च भरलेली छोटी कविता रूपवादाला सोयीची. कथाकाव्य, पोवाडा, ओवीमालिका संरचनावादाला, कारण तिथे क्रम आणि भूमिका असतात. छोट्या कवितेवर संरचनावाद ताणला की काय होतं ते 1962 मध्ये दिसलं. याकोबसन आणि लेवी-स्त्रोस यांनी बोदलेअरच्या मांजरांवरच्या सुनीताचं व्याकरण आणि यमकं ओळीओळीनं मांडली. चार वर्षांनी रिफातेरनं विचारलं, यातल्या किती रचना कुठल्याही वाचकाला जाणवतील? वरचे नऊ 'ळ' मोजताना हा टोमणा माझ्याही डोक्यात होता. म्हणून मोजल्यावर ते कुठे दाटतात आणि कानाला काय करतात, ते लगेच सांगायचं.

12. औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड. हा मुद्दा नेमका कोणत्या वादात घालू?

कसा मांडता त्यावर अवलंबून. 'उंबर नाही, औदुंबर' ही निवड भाषिक-सांस्कृतिक व्यवस्थेतून समजावलीत तर संरचनावाद (प्रश्न 3). दत्तस्थानं, पादुका, पारायणं या आधीच्या संहिता कवितेत न बोलावता शिरतात आणि शांत निसर्गचित्राला गुरुस्थानाचं करून टाकतात, पण कविता त्यांना ना होकार देते ना नकार, असं मांडलंत तर आंतरसंहितात्मकता, म्हणजे उत्तर-संरचनावाद. तिथे पादुका आठवल्या की 'पाय टाकुनी' पुन्हा वाचा. पाय आता नक्की कुणाचे, हे आणखी अवघड होतं. काटेकोर रूपवादी उत्तरात मात्र दत्त येऊ शकत नाहीत. कवितेत मंदिर नाही, घंटा नाही, पार नाही. 'कवीला दत्तभक्ती सुचवायची आहे' असं लिहिलंत तर ते तिन्हींपैकी कुठेच बसत नाही, आणि दर वर्षी निदान दहा-बारा पेपरांत हेच वाक्य असतं.